मेणातले तुकडे आणि स्टार्टरचे चिकटलेले पॉइंट

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की काढलेल्या गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून, पॅराफिनच्या मेणात बसवून ठेवतात. सुपारीच्या डबीत मावेल एवढा तो चौकोन. आपल्याकडे एका हॉस्पिटलमधून दुसऱ्या हॉस्पिटलात सल्ला घ्यायला निघालेल्या नातेवाइकांना त्याचं नाव पाठ असतं : ब्लॉक. ‘ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या’ असं सांगितलेलं असतं आणि रुमालात गुंडाळलेला तो मेणाचा तुकडा पिशवीतून फिरत असतो. २००६ ते २००८ या दोन-तीन वर्षांत अशाच, कपाटात पडून राहिलेल्या जुन्या ब्लॉक्सनी एका महागड्या औषधाचा निवाडा केला. औषध बाजारात येऊन दोन वर्षं उलटल्यावर, हजारो रुग्णांना दिलं गेल्यावर लक्षात आलं, की साधारण शंभरातल्या चाळीस जणांना ते देण्यात काहीच अर्थ नव्हता.

या औषधाची मुळं कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोच्या विद्यापीठात आहेत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन मेंडेलसन आणि गॉर्डन सातो यांच्यापुढे एक साधा तर्क होता. पेशींना वाढण्याचा निरोप देणारं एक प्रथिन स्टॅन्ली कोहेन यांनी १९६०च्या आसपास उंदरांवर काम करताना शोधलं होतं. नवजात उंदरांना ते टोचलं की त्यांचे डोळे वेळेआधी उघडायचे. हा निरोप घ्यायला पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर एक ग्राहक असतो, त्याला ईजीएफआर म्हणतात. पुष्कळ कॅन्सरपेशींवर हे ग्राहक दाटीनं असतात. मग त्या ग्राहकाला चिकटून निरोपाची जागाच अडवणारी अँटिबॉडी बनवली तर? त्यांनी उंदरांपासून अशा अँटिबॉडी तयार केल्या आणि त्यांतली २२५ क्रमांकाची कामाची निघाली. पुढे तिचा बराचसा भाग मानवी करून घेतला, कारण निखळ उंदराचं प्रथिन माणसाचं शरीर परकं म्हणून झिडकारतं. तेच सेटुक्सिमॅब.

औषधाची पुढची काही वर्षं वर्तमानपत्रांनी गाजवली, पण विज्ञानाच्या पानावर नव्हे. डिसेंबर २००१मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं, म्हणजे एफडीएनं, इमक्लोन या कंपनीचा अर्ज विचारातच घ्यायला नकार दिला. बातमी फुटण्याआधीच्या शेअरव्यवहारांबद्दल कंपनीचे प्रमुख सॅम्युएल वॅक्सल तुरुंगात गेले आणि त्याच प्रकरणाच्या चौकशीत टीव्हीवर घर कसं सजवावं हे शिकवणाऱ्या मार्था स्टुअर्ट यांनाही कैद झाली. या भानगडीत अर्ज का फेटाळला हा मुद्दा झाकला गेला. रुग्णांना सेटुक्सिमॅब आणि इरिनोटेकॅन ही केमोथेरपी एकत्र दिली होती. मग गाठ आटली ती नेमकी कशामुळे, हे दाखवता येत नव्हतं.

ते दाखवण्याचं काम युरोपातल्या एका चाचणीनं केलं. इरिनोटेकॅनला दाद न देणाऱ्या ३२९ रुग्णांत काहींना फक्त अँटिबॉडी दिली, काहींना अँटिबॉडी आणि पुन्हा इरिनोटेकॅन. नुसत्या अँटिबॉडीनं १०.८ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आटल्या, दोन्ही मिळून २२.९ टक्क्यांच्या. फेब्रुवारी २००४मध्ये परवानगी मिळाली. पण निकालाच्या तक्त्यात एक विचित्र गोष्ट होती. गाठीच्या कापावर ईजीएफआरचा रंग फिका चढला की गडद, याचा औषधाच्या गुणाशी काही संबंध दिसत नव्हता.

हा संबंध असायलाच हवा असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, कारण डोळ्यांसमोर स्तनाच्या कॅन्सरचं उदाहरण होतं. तिथे हर-टू नावाचा ग्राहक ज्या गाठींवर भरपूर, त्यांनाच हर्सेप्टिन लागू पडतं. तेव्हा इथेही ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह’ रुग्ण निवडा, असा नियम औषधाच्या परवानगीतच घालून ठेवला. २००५मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरनं, ज्यांच्या गाठीवर हा रंग अजिबात उमटला नव्हता अशा १६ रुग्णांना औषध दिल्याचा अहवाल छापला. त्यांपैकी चौघांच्या गाठी आटल्या. म्हणजे चारात एक, ‘पॉझिटिव्ह’ रुग्णांइतकंच. निवडीची चाचणी नुसती कच्ची नव्हती, ती चुकीच्याच जागी बोट ठेवत होती. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत शिकण्यासारखा घोटाळा हाच आहे. दुसऱ्या आजारातली चावी या कुलपाला लागेल असं धरून चालले, आणि हातात असलेली दुसरी चावी कुणी लावूनच पाहिली नाही.

ती दुसरी चावी काही नवी नव्हती. रास नावाच्या जनुकांची ओळख १९६०च्या दशकात उंदरांमध्ये कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासातून झाली. त्यांतल्या एकाला शिकागोचे वर्नर कर्स्टेन यांच्या नावातला ‘के’ चिकटला आणि के-रास हे नाव पडलं. १९८२मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं, की माणसाच्या मूत्राशयाच्या एका कॅन्सरमध्ये रास जनुकातलं एकच अक्षर बदललेलं आहे. हजारो अक्षरांत एक अक्षर, आणि त्यानं प्रथिनातला बारावा घटक ग्लायसीनऐवजी व्हॅलिन झालेला. पाच वर्षांनी, १९८७मध्ये, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही रासची अशी उत्परिवर्तनं सापडली, आणि तीही दर दहांत सुमारे चार गाठींत. १९९३च्या सुमारास ईजीएफआरपासून रासपर्यंतची आणि रासपासून पुढे रॅफपर्यंतची साखळी कडी कडी जोडून समजली होती. म्हणजे २००४मध्ये औषध बाजारात आलं तेव्हा उत्तराचे सगळे तुकडे छापील स्वरूपात ग्रंथालयांत होते.

ही साखळी समजून घ्यायला शेतातल्या मोटरचा स्टार्टर डोळ्यांसमोर आणावा. हिरवं बटण दाबलं की आत पॉइंट जुळतात, वीज मोटरकडे जाते आणि पाणी सुरू होतं. ईजीएफआर हे ते बटण. बाहेरून वाढीचा निरोप आला की बटण दाबलं जातं. रास म्हणजे आतले पॉइंट. एरवी रासच्या पोटात जीडीपी हा रेणू बसलेला असतो, तेव्हा वाट बंद. बटण दाबलं की जीडीपी निघतो, जीटीपी बसतो, वाट चालू. आणि खरी गंमत पुढे आहे : चालू झालेला रास स्वतःच जीटीपी तोडून बंद होतो. त्या कामाला गॅप नावाचं एक मदतनीस प्रथिन हवं असतं. ते आपलं एक बोट रासच्या आत खुपसतं आणि जीटीपी तुटतो.

हे बोट आत जातं त्या खोबणीच्या तोंडाशीच बारावा घटक असतो. ग्लायसीन हा सर्वांत लहान घटक. त्याच्या बाजूला नुसता एक हायड्रोजनचा अणू. जागा इतकी चिंचोळी, की तिथे ग्लायसीन सोडून जवळजवळ काहीही आलं तरी बोट अडतं. जीटीपी तुटत नाही, रास चालूच राहतो. स्टार्टरचे पॉइंट वितळून एकमेकांना चिकटावेत तसं. मग तुम्ही हिरवं बटण कितीही झाकून ठेवा, मोटर चालूच. सेटुक्सिमॅब किंवा त्याचं भावंड पॅनिट्युमुमॅब बटणावर झाकण घालतं, आणि झाकण अगदी बेमालूम बसतंही. फक्त पॉइंट चिकटलेल्या गाठीत त्या झाकणाचा मोटरला पत्ताच लागत नाही. गाठीवर ईजीएफआर किती आहे हे मोजणं म्हणजे बटण किती मोठं आहे हे मोजणं. ते का निरुपयोगी ठरलं, हे आता सांगायला नको.

पॅरिसमधल्या आस्त्रिद लिएव्र, पिएर लोराँ-पुइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २००६मध्ये छापलेला अहवाल आकारानं अगदी लहान होता. सेटुक्सिमॅब घेतलेले ३० रुग्ण, त्यांचे जुने ब्लॉक, त्यातून काढलेला डीएनए. तिसांपैकी ११ जणांच्या गाठी औषधानं आटल्या होत्या, १९ जणांच्या नाही. के-रासचं उत्परिवर्तन १३ गाठींत निघालं. हे तेरा कुठे पडले? तेराच्या तेरा न आटलेल्या एकोणीसांत. औषधाचा गुण आलेल्या अकरांत एकही नाही. न आटलेल्यांपैकी उरलेल्या सहा जणांचा के-रास मात्र निर्दोष होता, आणि त्या सहांत अडथळा कुठे होता हे या अहवालाला सांगता येत नव्हतं. हे सहा जण लक्षात ठेवा. त्यांच्याकडे परत यायचं आहे.

तीस रुग्णांवर कुणी धोरण बदलत नाही, आणि बदलूही नये. शिवाय एक रास्त शंका होती : के-रास बिघडलेली गाठ मुळातच जास्त आक्रमक असेल तर? मग ते रुग्ण औषधाविनाही लवकर खालावले असते, आणि औषधाच्या माथी उगाच दोष आला असता. ही शंका फिटायला असा गट हवा, ज्याला अँटिबॉडी दिलीच नाही. असे गट सुदैवानं दोन मोठ्या चाचण्यांत आधीच होते. दोन्ही चाचण्यांत केमोथेरपीचे पर्याय संपलेल्या रुग्णांपैकी अर्ध्यांना चिठ्ठ्या टाकून अँटिबॉडी दिली होती आणि अर्ध्यांना फक्त वेदनाशमन वगैरे आधाराचे उपचार. चाचण्या संपलेल्या होत्या. उरले होते ब्लॉक.

यातल्या पहिल्या चाचणीला कपाट उघडायला एका नकारानं भाग पाडलं. अमेरिकेनं सप्टेंबर २००६मध्ये पॅनिट्युमुमॅबला परवानगी दिली होती. युरोपच्या औषध समितीनं मात्र मे २००७मध्ये नकार कळवला : आजार पुढे सरकायला लागणारा वेळ औषधानं वाढतो तो इतका थोडा, की त्रासाच्या मानानं तो परवडत नाही. अ‍ॅमजेन कंपनीनं फेरविचाराचा अर्ज केला आणि सोबत के-रासचा हिशेब आणला. ४६३ रुग्णांपैकी ४२७ जणांच्या गाठी तपासता आल्या, म्हणजे ९२ टक्के; त्यांत ४३ टक्क्यांत उत्परिवर्तन होतं. निर्दोष के-रास असलेल्यांत औषधानं १७ टक्क्यांच्या गाठी आटल्या, उत्परिवर्तन असलेल्यांत शून्य. आजार पुढे सरकेपर्यंतचा मधला काळ निर्दोष गटात औषधासह १२.३ आठवडे, औषधाविना ७.३. उत्परिवर्तित गटात ७.४ आणि ७.३. सगळ्यांची सरासरी काढल्यावर औषध फिकं का दिसत होतं, ते या आकड्यांत उघड झालं. ज्यांना उपयोग होता त्यांच्या फायद्यात, ज्यांना काहीच नव्हता त्यांचं पाणी मिसळलेलं होतं. डिसेंबर २००७मध्ये युरोपनं परवानगी दिली, पण सशर्त, आणि फक्त निर्दोष के-रासच्या रुग्णांसाठी. औषध कंपनीला स्वतःचा बाजार जवळजवळ निम्मा करून औषध वाचवावं लागलं. औषधांच्या धंद्यात असं रोज घडत नाही.

दुसरी चाचणी कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली, सेटुक्सिमॅबची. तिचा के-रासनिहाय निकाल ख्रिस्टोस करापेटिस आणि सहकाऱ्यांनी ऑक्टोबर २००८मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये छापला. ५७२पैकी ३९४ रुग्णांचे ब्लॉक उपलब्ध झाले. चार गटांचं मध्यमान आयुष्य असं निघालं. निर्दोष के-रास, अँटिबॉडी मिळाली : ९.५ महिने. निर्दोष के-रास, अँटिबॉडी नाही : ४.८. उत्परिवर्तित के-रास, अँटिबॉडी मिळाली : ४.५. उत्परिवर्तित, नाही : ४.६.

या चार आकड्यांपाशी थोडं थांबायला हवं. आधी औषध न मिळालेले दोन गट शेजारी ठेवा : ४.८ आणि ४.६. दोन्ही जवळजवळ सारखे. म्हणजे या टप्प्यावर के-रास बिघडलेला असण्यानं रुग्ण आपोआप लवकर जात नव्हता. ती आक्रमक गाठीची शंका इथे संपली. आता औषध मिळालेले दोन गट पाहा : एकाचं आयुष्य जवळपास दुप्पट, दुसऱ्याचं जसंच्या तसं. तेव्हा के-रास सांगत होता तो आजाराचा स्वभाव नव्हता, औषध लागू पडेल की नाही हे तो सांगत होता. डॉक्टर या दोन गोष्टींना वेगवेगळे शब्द वापरतात आणि हा फरक गोंधळवणारा आहे, पण औषधाशिवायचा गट हाती असला की तो चार आकड्यांत दिसतो. नसला तर कितीही मोठ्या आकडेमोडीनं दिसत नाही. पुढे साखळीतल्या बी-रॅफ या जनुकाच्या बाबतीत नेमका हाच गट हवा तसा हाताशी नव्हता.

त्याच वर्षी जूनमध्ये, शिकागोच्या वार्षिक अधिवेशनात, बेल्जियमचे एरिक व्हॅन कुट्सेम यांनी केमोथेरपीसोबत पहिल्या फेरीतच सेटुक्सिमॅब देणाऱ्या मोठ्या चाचणीचा के-रासनिहाय निकाल मांडला आणि चित्र तेच आलं. शेजारच्या एका लहान चाचणीत तर त्याहून वाईट दिसलं. ऑक्झॅलिप्लॅटिनच्या केमोसोबत अँटिबॉडी दिलेल्या, उत्परिवर्तित के-रासच्या रुग्णांत आजार ५.५ महिन्यांत पुढे सरकला. नुसत्या केमोवर ८.६. उपयोग शून्य म्हणून सोडून द्यावं एवढंच प्रकरण नव्हतं, अपायही होत होता. वर चेहऱ्यावर आणि छातीवर मुरमांसारखं पुरळ, कातडी भेगाळणं, रक्तातलं मॅग्नेशियम उतरणं हे सगळं त्या रुग्णांनी सोसलं ते वेगळंच. पुरळ जास्त आलं की औषध लागू पडतंय, असं त्यांना सांगितलंही जात होतं. पण पुरळ उठतं ते निरोगी कातडीवर, आणि कातडीच्या पेशींचा रास ठीक असतो. पॉइंट चिकटलेले असतात ते फक्त गाठीत.

अमेरिकेचा नियामक मात्र सावध राहिला. डिसेंबर २००८च्या सल्लागार बैठकीत मुख्य हरकत ही होती, की हा सगळा पुरावा चाचणी संपल्यावर, मिळतील ते ब्लॉक गोळा करून काढलेला आहे. ज्यांचे ब्लॉक सापडले नाहीत ते वेगळेच असले तर? चाचणीआधी न ठरवलेले गट मागाहून पाडून काहीही सिद्ध करता येतं, ही भीती खोटी नव्हती. वैद्यकशास्त्रात अशा गटांनी पुष्कळदा फसवलं आहे. पण इथे जीवशास्त्राची साखळी आधीपासून माहीत होती, आणि वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या औषधांच्या चाचण्या एकाच सुरात बोलत होत्या. जुलै २००९मध्ये दोन्ही औषधांच्या अमेरिकन पत्रकात बदल झाला : के-रासच्या बाराव्या किंवा तेराव्या जागी उत्परिवर्तन असेल तर देऊ नये.

बारा आणि तेरा. एवढ्याच दोन जागा तपासायच्या, कारण बहुतेक बिघाड तिथेच असतात. पण रास हे एक जनुक नाही, कुटुंब आहे, आणि के-राससुद्धा इतर ठिकाणी बिघडू शकतो. २०१३मध्ये पॅनिट्युमुमॅबच्या एका मोठ्या चाचणीचे ब्लॉक पुन्हा बाहेर काढून एकसष्टावी, एकशे सतरावी, एकशे सेहेचाळिसावी जागा आणि सोबत एन-रास हे भावंड जनुकही तपासलं. ज्यांना आतापर्यंत ‘निर्दोष’ म्हणत होते त्यांच्यातल्या सुमारे १७ टक्क्यांत दुसरीकडे बिघाड निघाला. त्यांनाही औषधाचा लाभ नव्हता. पॅरिसच्या त्या सहा जणांतल्या एखाद्या-दुसऱ्याचं कोडं कदाचित इथे सुटलं असतं.

तपासणी चुकते कशी, तेही सांगायला हवं, कारण आजही ती चुकू शकते. समजा ब्लॉकच्या ज्या कापातून डीएनए काढला त्यात शंभरातल्या वीसच पेशी कॅन्सरच्या आहेत. बाकी स्नायू, रक्तवाहिन्या, सूज. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात आणि सहसा त्यांतली एकच बिघडलेली असते. मग दोनशे प्रतींत बिघडलेल्या वीस, म्हणजे दहा टक्के. त्या काळची नेहमीची अक्षरवाचनाची पद्धत साधारण वीस टक्क्यांच्या खालचं उत्परिवर्तन ओळखत नसे. आलेखात जिथे दुसरं शिखर दिसायला हवं, तिथे पायथ्याशी एक उंचवटा, जो डोळ्यांआड जातो. अहवालावर ‘निर्दोष’ असं छापून येतं. म्हणून पॅथॉलॉजिस्ट आधी सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर दाट असलेली जागा पेनानं खुणावतात आणि तेवढीच खरवडतात. आणि उलटी चूकही होते : फॉर्मॅलिनमध्ये फार दिवस पडलेल्या डीएनएतली अक्षरं स्वतःहून बदलतात आणि नसलेलं उत्परिवर्तन दिसतं. गाठीतल्या कॅन्सरपेशींचं प्रमाण ज्या अहवालात लिहिलेलं नाही, त्यातल्या ‘निर्दोष’ या शब्दावर मी तरी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

आता बी-रॅफ. साखळीत रासच्या लगेच खालची ही कडी. २००२मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेत माइक स्ट्रॅटन आणि सहकारी कॅन्सरच्या पेशींतली जनुकं ओळीनं वाचत असताना त्यांना बी-रॅफमध्ये एकाच जागी, पुन्हा पुन्हा, तेच अक्षर बदललेलं आढळलं. कातडीच्या मेलानोमा कॅन्सरमध्ये ते सर्वाधिक होतं. त्या शोधनिबंधात या जागेचा क्रमांक ५९९ छापला आहे. जनुकाच्या त्या वेळच्या नोंदीत तीन अक्षरं गळली होती, म्हणून मोजणी एकानं चुकली. पुढे तो ६०० झाला. जुने निबंध चाळणारा विद्यार्थी ५९९ आणि ६०० ही दोन वेगळी उत्परिवर्तनं समजून हमखास फसतो.

मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये बी-रॅफचा हा बिघाड शंभरात आठ-दहा जणांत असतो, आणि ज्या गाठीत तो असतो त्यात के-रासचा बिघाड जवळजवळ कधीच नसतो. तर्क सोपा आहे : पॉइंट चिकटले असतील तर पुढची तार वेगळी शॉर्ट करायची गरज उरत नाही. २००८मध्ये इटलीतल्या फेदेरिका दी निकोलांतोनियो, अल्बेर्तो बार्देल्ली आणि सहकाऱ्यांनी अँटिबॉडी घेतलेल्या ११३ रुग्णांच्या गाठी पाहिल्या. निर्दोष के-रासच्या ७९ जणांत ११ जणांचा बी-रॅफ बिघडलेला होता. त्या अकरांपैकी एकालाही गुण आला नव्हता.

हे ऐकून वाटेल, के-राससारखंच झालं. तसं झालं नाही. बी-रॅफ बिघडलेले रुग्ण कोणत्याही उपचारावर लवकर खालावतात. म्हणजे के-रासबाबत जी शंका फिटली होती, ती इथे खरी निघाली. अँटिबॉडीनं काही फरक पडतो का, हे ठरवायला चिठ्ठ्या टाकलेल्या चाचण्यांत असे रुग्ण फारच थोडे. व्हॅन कुट्सेम यांच्या चाचणीत निर्दोष के-रासच्या ६२५ जणांत बी-रॅफ बिघडलेले अवघे ५९ होते. त्यांचं मध्यमान आयुष्य केमोवर १०.३ महिने आणि केमो अधिक सेटुक्सिमॅबवर १४.१. फरक दिसतो खरा, पण ५९ जणांत तो योगायोगानंही पडू शकतो. म्हणून ‘बी-रॅफ बिघडला असेल तर अँटिबॉडी निरुपयोगी’ हे वाक्य के-रासइतक्या ठामपणे कुणी लिहीत नाही. ‘लाभ होण्याची शक्यता फार कमी’ असं लिहितात. हा शब्दांचा काटेकोरपणा मला आवडतो.

मग बिघडलेल्या तारेवरच घाव का घालू नये? मेलानोमात तसं केलंही. बी-रॅफ दाबणारी व्हेम्युराफेनिबची गोळी २०११मध्ये आली आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या गाठी आटल्या. तीच गोळी, तेच उत्परिवर्तन, फक्त आतड्याचा कॅन्सर. आणि २१ रुग्णांत एकाचीच गाठ आटली. हे कोडं २०१२मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये रेने बर्नार्ड्स यांच्या प्रयोगशाळेत सुटलं. निबंधावर पहिलं नाव अनिरुद्ध प्रल्हाद यांचं आहे. त्यांनी आतड्याच्या कॅन्सरपेशींत एकेक जनुक गप्प करत पाहिलं, की कुठलं गप्प केल्यावर ही गोळी लागू पडते. उत्तर आलं : ईजीएफआर. साखळी जोरात चालू असते तेव्हा पेशी वरच्या बटणाला स्वतःच आवर घालते. बी-रॅफ दाबला की हा आवर सुटतो, ईजीएफआर उसळतो आणि रासमार्गे दुसऱ्या वाटेनं मोटर पुन्हा सुरू करतो. मेलानोमाच्या पेशींवर ईजीएफआर नसल्यातच जमा, म्हणून तिथे गोळी एकटी पुरते. आतड्याच्या पेशींवर तो भरपूर.

याचा अर्थ, ज्या रुग्णांत अँटिबॉडी एकटी कुचकामी, त्यांच्यातच ती गोळीच्या जोडीनं हवी होती. २०१९मध्ये ६६५ रुग्णांच्या चाचणीत एन्कोराफेनिब ही बी-रॅफची गोळी आणि सेटुक्सिमॅब मिळून मध्यमान आयुष्य ८.४ महिने झालं, नेहमीच्या उपचारावर ते ५.४ होतं, गाठी आटण्याचं प्रमाण २ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलं. पुढे हीच जोडी केमोसोबत पहिल्याच फेरीत दिली, तेव्हा मध्यमान आयुष्य १५.१ वरून ३०.३ महिन्यांवर गेल्याचं २०२५मध्ये छापून आलं.

के-रासच्या बाजूलाही एक फट उघडली आहे. बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी सिस्टीन आलं असेल तर त्याला चिकटणाऱ्या गोळ्या आता आहेत; आतड्याच्या कॅन्सरमध्ये त्याही एकट्या तोकड्या पडतात आणि ईजीएफआरची अँटिबॉडी जोडली की जोर धरतात. कारण पुन्हा तेच, वरचं बटण उसळतं. २०२४ आणि २०२५मध्ये अशा दोन जोड्यांना अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि २००९पासूनच्या ‘के-रास बिघडलेला असेल तर देऊ नये’ या नियमाला हा एक अपवाद जोडला गेला. पण हे सिस्टीनवाले आतड्याच्या कॅन्सरमध्ये शंभरात तीन-चारच. ज्यांच्या अहवालावर जी१२डी किंवा जी१३डी असं येतं, त्यांच्यासाठी मात्र अँटिबॉडीबाबत २००८चे ते चार आकडेच अजून लागू आहेत.